आनाची सकाळ आणि वाक्याच्या टोकाला उरलेला ‘आउफ’

जर्मनच्या कोणत्याही पहिल्या पुस्तकात चौथ्या-पाचव्या धड्याच्या आसपास कोणीतरी सकाळी उठतं. नाव बदलतं, शहर बदलतं, चित्रातल्या कपड्यांची फॅशन बदलते. पण उठणं, कपडे घालणं, गाडीत चढणं, कामावर पोचणं, बाजार करणं, घरी परतणं आणि झोपी जाणं हा क्रम बदलत नाही. सगळं वर्तमानकाळात घडतं आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आउफ’, ‘आन’, ‘आइन’ असा एखादा तुकडा लोंबकळत राहतो. पुण्यात जर्मन शिकणारी मुलं या क्रियापदांना ‘ट्रेनबार’ म्हणतात, म्हणजे विलग होणारी. हा उठणारा माणूस पाठ्यपुस्तकात आला कुठून, आणि त्याला नेमकी हीच क्रियापदं का दिली गेली, याचा हा मागोवा. त्यासाठी आधी अशी एक गोष्ट समोर हवी, म्हणून हॅम्बुर्गमध्ये राहणाऱ्या आनाची एक छोटी गोष्ट रचली आहे. जर्मन वाक्यं देवनागरीत दिली आहेत. त्यातला ‘झ’ सगळीकडे ‘झरा’मधला नव्हे, ‘झेब्रा’मधला वाचावा.

उम झेक्स ऊअर वाख्ट आना आउफ. झी श्टेट निश्ट आउफ. झी माख्ट दी आउगेन त्सू उंट श्लेफ्ट वीडर आइन. उम झीबेन ऊअर रूफ्ट दी मुटर आन. येत्स्ट श्टेट आना श्नेल आउफ. झी त्सीट देन मांटेल आन उंट माख्ट दी ट्यूर त्सू. देन शिर्म निम्ट झी निश्ट मिट. इन बार्मबेक श्टाइक्ट झी आइन. दी ऊ-बान फेर्ट आप. आम हाउप्टबानहोफ श्टाइक्ट आना आउस. दी आर्बाइट फेंग्ट उम आख्ट ऊअर आन. आना कोम्ट उम हाल्प नोइन आन. देअर शेफ झीट झी लांगे आन. आबेन्ट्स काउफ्ट झी ब्रोट उंट मिल्श आइन. दान कोम्ट झी त्सुर्यूक. दी मुटर रूफ्ट वीडर आन. आना होर्ट त्सू. उम त्सेन ऊअर माख्ट झी दास लिश्ट आउस. झी श्लेफ्ट झोफोर्ट आइन. देन वेकर शाल्टेट झी निश्ट आइन.

मराठीत ती अशी. सहा वाजता आनाला जाग येते. ती उठत नाही. ती डोळे मिटते आणि पुन्हा झोपी जाते. सात वाजता आईचा फोन येतो. आता आना झटकन उठते. ती कोट चढवते आणि दार लावते. छत्री काही ती बरोबर घेत नाही. बार्मबेकला ती गाडीत चढते. भुयारी रेल्वे सुटते. मुख्य स्थानकावर आना उतरते. काम आठ वाजता सुरू होतं. आना साडेआठला पोचते. साहेब तिच्याकडे बराच वेळ बघत राहतात. संध्याकाळी ती पाव आणि दूध विकत घेते. मग ती परत येते. आईचा पुन्हा फोन. आना ऐकून घेते. दहा वाजता ती दिवा मालवते. तिला लगेच झोप लागते. गजर काही ती लावत नाही.

(जाता जाता: ‘हाल्प नोइन’चा शब्दशः अर्थ ‘अर्धे नऊ’, पण वेळ साडेआठ. आपण झालेल्या तासावर अर्धा चढवतो, जर्मन माणूस येणाऱ्या तासाचा अर्धा झाला असं धरतो. आनाला उशीर व्हायला तेवढंही पुरलं असतं.)

आता व्याकरण. वर्गात नियम सहसा असा सांगतात: क्रियापदाचे दोन तुकडे करा, मुख्य तुकडा दुसऱ्या जागी ठेवा, उपसर्ग उचलून वाक्याच्या शेवटी टाका. नियमाने उत्तर बरोबर येतं. तरी मराठी माणसाला तो उलट्या टोकाने शिकवला जातो, असं मला वाटतं. कोशात क्रियापद ‘आउफश्टेहेन’ असं अखंड मिळतं. त्याच्यापुढे वेळ जोडली की होतं ‘उम झीबेन ऊअर आउफश्टेहेन’. मराठीत ‘सात वाजता उठणे’. शब्दांचा क्रम अगदी सारखा. आणखी लांबवून बघू: ‘दास लिश्ट उम त्सेन ऊअर आउसमाखेन’, म्हणजे ‘दिवा दहा वाजता बंद करणे’. पुन्हा तोच क्रम, क्रियापद शेवटी. नकारसुद्धा तसाच: ‘निश्ट आउफश्टेहेन’, ‘न उठणे’. म्हणजे वाक्य होण्याआधीचा जर्मन शब्दसमूह हा मराठी शब्दसमूहच आहे.

वाक्य करायचं म्हणजे यातून एकच गोष्ट हलवायची. क्रियापदाचा जो भाग कर्त्याप्रमाणे रूप बदलतो, तो उचलून दुसऱ्या जागी न्यायचा. ‘आउफ’ कुठेही जात नाही; तो होता तिथेच, शेवटी, उरतो. पळालेलं असतं ते क्रियापद. ‘आना उम झेक्स ऊअर आउफवाखेन’ हा कच्चा माल घ्या. पहिली जागा कोणालाही द्या, आनाला किंवा वेळेला. गोष्टीत वेळेला दिली आहे, म्हणून ‘उम झेक्स ऊअर’. दुसऱ्या जागी ‘वाखेन’ येतं आणि आनासाठी ‘वाख्ट’ होतं. मग उरलेली आना. आणि शेवटी, मुळात होता तिथेच, ‘आउफ’. ‘निश्ट’ कुठे ठेवायचा, याचाही वेगळा नियम मग लागत नाही. ‘न उठणे’मध्ये तो ‘आउफ’च्या आधी चिकटलेला होता, क्रियापद निघून गेलं तरी तो ‘आउफ’ला सोडत नाही. म्हणून ‘झी श्टेट निश्ट आउफ’. गोष्टीतली ‘निश्ट’ असलेली तिन्ही वाक्यं या नजरेने तपासून पाहावीत.

ही नुसती शिकवण्याची क्लृप्ती नाही. एमॉन बाख यांनी 1962 मध्ये आणि मान्फ्रेड बीअरविश यांनी 1963 मध्ये, रचनांतरणवादी व्याकरणाच्या चौकटीत, जर्मन वाक्याचा मूळ साचा क्रियापद शेवटी असलेला मानावा आणि मुख्य वाक्यातली दुसरी जागा ही हालचालीतून आलेली समजावी अशी मांडणी केली. पुढे हे मत जर्मन वाक्यरचनेच्या अभ्यासात रुळलं. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे येणाऱ्याला ते पचवायला वेळ लागतो. मराठीतून थेट गेलेल्याला ते घरचंच वाटायला हवं.

पण आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजीच्या वाटेनेच जातात आणि ते चुकांवरून ओळखू येतं. वह्या तपासताना चुकांची दोन घराणी दिसतात. ‘आना श्टेट आउफ उम झीबेन ऊअर’ असं लिहिणाऱ्याच्या मनात इंग्रजी बसलेली आहे. तिथे ‘अप’ क्रियापदाला चिकटून येतो आणि वेळ मागाहून येते. ‘आना उम झीबेन ऊअर आउफश्टेट’ असं लिहिणाऱ्याच्या मनात मराठी बसलेली आहे; त्याने कच्चा माल तसाच पानावर ओतला, क्रियापद हलवलंच नाही. दुसरी चूक मला जास्त आशादायक वाटते. तिच्यात एकच हालचाल बाकी आहे. शिवाय महिन्याभराने ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, लावून गौण वाक्य शिकायची वेळ आली की हाच क्रम अचूक ठरतो: ‘वाइल आना उम झीबेन ऊअर आउफश्टेट’. गौण वाक्यात क्रियापद आपल्या जागेवर राहतं आणि ‘आउफ’शी पुन्हा जुळलेलं दिसतं.

या वागण्याला जर्मनच्याही पलीकडचं मूळ आहे आणि ते संस्कृत शिकलेल्यांच्या ओळखीचं आहे. वैदिक भाषेत उपसर्ग हे सुटे शब्द होते. मुख्य वाक्यात ते क्रियापदापासून दूर, मध्ये दोन-तीन शब्द सोडून येऊ शकत; गौण वाक्यात मात्र सहसा क्रियापदाला जोडून येत. लौकिक संस्कृतात ही मोकळीक संपली होती. म्हणून पाणिनीने उपसर्ग धातूच्या आधी येतो असं सांगून लगेच पुढच्या दोन सूत्रांत (1.4.81 आणि 1.4.82) वेदात तो नंतरही येतो आणि मध्ये अंतर ठेवूनही येतो, अशी सवलत नोंदवली. मराठी ‘उठणे’ या एका धातूत ‘उत्’ आणि ‘स्था’ असे दोन जीव विरघळलेले आहेत, पण आपल्याला त्यांचा सांधा आता दिसत नाही. जर्मन ‘श्टेहेन’ हा त्याच ‘स्था’चा दूरचा भाऊबंद. त्याने मात्र आपला उपसर्ग आजपर्यंत सुटा ठेवला.

सगळ्या जर्मन उपसर्गांचं नशीब मात्र असं नाही. ‘बे’, ‘एंट’, ‘एर’, ‘फेर’, ‘त्सेर’ हे फार जुन्या काळीच क्रियापदाला चिकटले, त्यांच्यावरचा आघात गेला आणि ते एकटे उभे राहायचे थांबले. ‘बे’ हा मुळात ‘बाय’ म्हणजे ‘जवळ’ या आजही जिवंत असलेल्या शब्दाचा झिजलेला अवतार. ‘बेकोमेन’ (मिळणे) कधीच तुटत नाही. ‘आनकोमेन’ (पोचणे) तुटतो. कान लावला तर फरक कळतो: आघात उपसर्गावर असेल तर तो सुटतो, धातूवर असेल तर सुटत नाही. हे ऐकू यायला हवं याची खात्री ‘उमफारेन’ करून देतो. ‘उम’वर जोर देऊन म्हटलं तर अर्थ ‘गाडीने धडकून आडवं करणे’, आणि वाक्य होतं ‘इश फारे देन बाउम उम’: मी झाड पाडतो. ‘फा’वर जोर दिला तर अर्थ ‘वळसा घालून जाणे’, आणि वाक्य होतं ‘इश उमफारे देन बाउम’: मी झाड चुकवतो. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ही चूक महागात पडेल.

तेव्हा ‘विलग होणारी’ हे नाव खरं तर लिपीने दिलेलं आहे. हे तुकडे सुटेच होते. कोशातलं मूळ रूप लिहिताना ते जोडून लिहायची रीत पडली. जोडून की तोडून, हा वाद जर्मनीत अजून पुरता मिटलेला नाही. 1996 च्या लेखनसुधारणेने ‘केनेनलेर्नेन’ (ओळख होणे) हा एक शब्द दोन तुकड्यांत लिहायला लावला, आणि 2006 च्या दुरुस्तीने जोडून लिहायलाही पुन्हा परवानगी दिली. बोलणाऱ्याच्या जिभेवर दोन्ही वेळा काहीच बदललं नाही.

आता गोष्टीकडे. सकाळी उठणारा पाठ्यपुस्तकातला माणूस अतिशय जुना आहे. रोमन साम्राज्यात ग्रीक आणि लॅटिन शिकण्यासाठी ‘कोलोक्विया’ नावाचे छोटे संवादपाठ वापरत. दोन अरुंद रकाने, एकात ग्रीक, दुसऱ्यात लॅटिन, ओळीला दोन-तीन शब्द. ते मध्ययुगीन हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आले आणि एलिनॉर डिकी यांनी 2012 आणि 2015 मध्ये दोन खंडांत ते संपादित केले. त्यांत एक शाळकरी मुलगा जागा होतो, बिछान्यातून उठतो, जोडे मागतो, हाततोंड धुतो, कपडे घालतो आणि शाळेत जातो. आनाचा थेट पूर्वज म्हणावा असा. फक्त एक फरक आहे: या मुलाची सकाळ बरीचशी भूतकाळात सांगितलेली आहे. मी उठलो, मी धुतलं. वर्तमानकाळाची सक्ती त्याच्यावर नव्हती.

जर्मन शिकवणारी जुनी साधनं या मुलाकडे वळली नाहीत. नवव्या-दहाव्या शतकातल्या जुन्या जर्मन संभाषणांच्या याद्या प्रवाशाच्या गरजेच्या आहेत: कुठून आलास, रात्री कुठे होतास, शिवाय नोकराला द्यायच्या शिव्या. 1424 मध्ये व्हेनिसमध्ये गेओर्ग फोन न्यूर्नबेर्ग या शिक्षकाने इटालियन व्यापाऱ्यांना जर्मन शिकवण्यासाठी जे पुस्तक केलं, त्यात कापडाची घासाघीस आहे. तिथे ‘फोंदाको देई तेदेस्की’ ही जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. गिऱ्हाईक तिथे, म्हणून भाषा तिथे. व्यापाऱ्याला कोण किती वाजता उठतो याच्याशी काय देणंघेणं?

वर्तमानकाळ आला तो चित्रांबरोबर. मोराव्हियाच्या कोमेनियसने 1658 मध्ये न्यूर्नबेर्गला ‘ऑर्बिस पिक्टुस’ छापलं: दीडशे प्रकरणं, प्रत्येकाला लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खाली लॅटिन व जर्मन शेजारी-शेजारी. चित्रात जे दिसतं ते आत्ता घडतं आहे. न्हावी कापतो, भटारी भाजतो. भूतकाळाला चित्र नसतं. शिकवायची होती लॅटिन आणि जर्मन होती नुसती काठी, पण ‘दाखव आणि वर्तमानकाळात सांग’ ही जोडी इथे जमली.

त्यानंतर मोठा वळसा पडला. 1783 मध्ये माइडिंगरचं फ्रेंच व्याकरण आलं: आधी नियम, मग त्या नियमासाठी बनवलेली वाक्यं, मग भाषांतर. 1835 मध्ये ओलेंडॉर्फने पॅरिसमध्ये सहा महिन्यांत जर्मन शिकवण्याचं आश्वासन देणारं पुस्तक काढलं. त्यात प्रश्नोत्तरांच्या लांबलचक माळा होत्या. अशा पुस्तकांत एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नसे. प्रत्येक वाक्य एका नियमाची नोकरी करून निघून जाई. उठणारा माणूस या काळात हरवला.

तो परत आला एका फजितीतून. फ्रांस्वा ग्वँ हा लॅटिनचा फ्रेंच मास्तर जर्मन शिकायला हॅम्बुर्गला गेला. खोलीत बसून त्याने दहा दिवसांत व्याकरण आणि 248 अनियमित क्रियापदं पाठ केली आणि व्याख्यान ऐकायला गेला. एक शब्द कळला नाही. मग धातू पाठ केले. मग ओलेंडॉर्फ. शेवटी महिनाभरात कोशातले तीस हजार शब्द घोकले, डोळे बिघडले, तरी बोलणं कळेना. जवळजवळ वर्ष असं घालवून तो घरी परतला तेव्हा जाताना धड न बोलणारा त्याचा लहानगा पुतण्या घडाघडा बोलत होता. हा पुतण्या गिरणी पाहून आला आणि सगळी गिरणी घरात मांडून खेळू लागला: आधी पोती भरायची, मग गिरणीवाल्याकडे न्यायची, मग पाणी चाकावर सोडायचं. खेळता खेळता तो प्रत्येक कृती तोंडाने म्हणत होता, घडलं त्या क्रमाने. ग्वँला हवी ती किल्ली इथे सापडली. 1880 च्या त्याच्या पुस्तकात भाषा अशा ‘मालिकां’मधून शिकवली आहे: एकच काम, त्याच्या बारीक पायऱ्या, एका पायरीला एक लहान वाक्य, प्रत्येक वाक्याचं ओझं क्रियापदावर. हॉवर्ड स्वान आणि व्हिक्टर बेती यांनी 1892 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मालिका जगभर पोचली.

त्याची सर्वांत नावाजलेली मालिका दार उघडण्याची. जर्मनमध्ये अशी मालिका रचायला घेतली की एक गंमत दिसते. दाराच्या दिशेने जाणे: ‘त्सूगेहेन’. हात पुढे करणे: ‘आउसश्ट्रेकेन’. मूठ फिरवणे: ‘उमड्रेहेन’. दार उघडणे: ‘आउफमाखेन’. आत जाणे: ‘हिनाइनगेहेन’. दार लावणे: ‘त्सूमाखेन’. एका साध्या कामात सहा क्रियापदं, सहाही ट्रेनबार. फ्रेंचमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथे दिशा क्रियापदाच्याच पोटात असते. जर्मनमध्ये शरीराची हालचाल सांगायची म्हटली की हे तुकडे टाळताच येत नाहीत. आत-बाहेर, वर-खाली, चालू-बंद हे सगळं त्यांच्याचकडे सोपवलेलं आहे. माझ्या मते आपल्या धड्याचं लग्न इथे ठरलं. रोजची कामं क्रमाने सांगा, एवढाच आग्रह धरला तरी ट्रेनबार क्रियापदं आपोआप रांगेत येऊन उभी राहतात. व्याकरणासाठी गोष्ट बनवावी लागत नाही.

योगायोग असा की त्याच 1880 मध्ये मार्क ट्वेनचा जर्मन भाषेवरचा प्रसिद्ध विनोदी निबंध छापला गेला आणि त्यात या क्रियापदांची भरपूर टिंगल आहे. ‘आबराइझेन’ (प्रवासाला निघणे) या क्रियापदाचे दोन तुकडे करून त्यांच्यामध्ये त्याने निरोपाचा सगळा प्रसंग, रडण्यासकट, कोंबला. ट्वेनचं उदाहरण भूतकाळी आणि लांब; ग्वँच्या साच्यातली वाक्यं वर्तमानकाळी आणि चार-पाच शब्दांची. अडचण एकच, पण अंतर कमी केलं की ती निघून जाते, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळतं. नवशिक्याच्या गोष्टीत क्रियापद आणि उपसर्ग यांच्यामध्ये तीन-चारपेक्षा जास्त शब्द येऊ देऊ नयेत, हा अलिखित दंडक तिथलाच. आनाच्या गोष्टीत तो पाळला आहे.

1882 मध्ये विल्हेल्म फीटोरने टोपणनावाने एक पुस्तिका काढून भाषा-शिक्षणाच्या जुन्या पद्धतीवर हल्ला चढवला. तिचं शीर्षक ‘देअर श्प्राखउंटररिश्ट मुस उमकेहरेन!’, म्हणजे भाषाशिक्षणाने मागे फिरलं पाहिजे. शीर्षकाचं शेवटचं क्रियापद ‘उमकेहरेन’ ट्रेनबारच आहे, पण तुटलेलं नाही. कारण ‘मुस’. ‘पाहिजे’, ‘शकणे’, ‘इच्छिणे’ अशी सहायक क्रियापदं आली की दुसरी जागा ती अडवतात. मुख्य क्रियापदाला हलायचं कारणच उरत नाही आणि ते उपसर्गासकट शेवटी अखंड बसतं. म्हणून आनाची गोष्ट रचताना तिला काही ‘करायचं आहे’, काही ‘करता येत नाही’ असं लिहिता आलं नाही. ती नुसती करते. ‘कारण’ही लिहिता आलं नाही, नाहीतर गौण वाक्यात उपसर्ग पुन्हा चिकटला असता. छत्री का घेतली नाही, हे गोष्टीत नाही ते त्यामुळे.

शेवटी उरलेल्या तुकड्याचं महत्त्व नीट मांडलं एरिश ड्राखने. तो बर्लिन विद्यापीठात बोलण्याचं शास्त्र शिकवत असे. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1937 मध्ये निघालं. त्याने जर्मन वाक्याची क्षेत्रं पाडून दाखवली: क्रियापदाच्या आधीचं एक आणि नंतरचं एक. त्याच वाटेने दुसऱ्या जागेवरचं क्रियापद आणि शेवटचा तुकडा मिळून होणाऱ्या कंसाचं चित्र पाठ्यपुस्तकांत रूढ झालं. मधली सगळी माहिती या कंसात अडकते. ऐकणारा कंस बंद होईपर्यंत थांबतो. ‘झी माख्ट दास लिश्ट’ इथवर ऐकून दिवा लागला की विझला ते कळत नाही. ‘आन’ की ‘आउस’, त्यावर ठरतं. शेवटच्या शब्दापर्यंत थांबणं मराठी ऐकणाऱ्याला नवीन नाही. ‘ती दिवा’ म्हटल्यावर आपणही थांबतोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळे धागे एकत्र आले. 1951 मध्ये गोएथे इन्स्टिट्यूट सुरू झाली. भारतात ती माक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जाते. 1955 मध्ये डोरा शुल्झ आणि हाइंत्स ग्रीसबाख यांचं ‘डॉइचे श्प्राखलेअरे फ्यूअर आउसलेंडर’ म्युनिकच्या ह्यूबर प्रकाशनाकडून आलं आणि अनेक देशांतल्या वर्गांत वर्षानुवर्षं चाललं. 2001 मध्ये युरोप परिषदेच्या चौकटीने पातळ्या ठरवल्या आणि सुरुवातीच्या टप्प्यातच स्वतःच्या दिनक्रमाबद्दल साधं बोलता येणं आलं. तेव्हापासून आनाची सकाळ जवळपास अनिवार्य झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्याच्या तयारीत जर्मन शिकणारे परिचारक आणि तंत्रज्ञही याच धड्यातून जातात.

या प्रवासात एक गोष्ट मात्र गळून पडली, असं माझं मत आहे. ग्वँच्या मालिकेत प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघत असे: हात पुढे केल्याशिवाय मूठ धरता येत नाही. आजच्या पुस्तकांतल्या दिनक्रमात वाक्यांना जोडणारं फक्त घड्याळ उरलं आहे. सातला उठतो, आठला निघतो, पाचला परततो. ही गोष्ट राहत नाही, वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रक कोणाच्या लक्षात राहत नाही. आना पुन्हा झोपते म्हणून आई फोन करते, उशीर होतो म्हणून साहेब बघत राहतात. तेवढ्या कार्यकारणासाठी एकही ‘वाइल’ लागला नाही. शिक्षकाने धडा रचताना हे करून बघावं: प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याने ओढलं जातंय का, की नुसतं काट्याने?

स्वरांचा बदल सांगायचा राहिला. ‘श्लाफेन’चं ‘श्लेफ्ट’, ‘फारेन’चं ‘फेर्ट’, ‘फांगेन’चं ‘फेंग्ट’, ‘नेमेन’चं ‘निम्ट’, ‘झेहेन’चं ‘झीट’. उपसर्ग लागला म्हणून धातू आपली सवय सोडत नाही. फक्त ‘तू’ आणि ‘तो-ती-ते’ यांच्या रूपांत स्वर बदलतो, ‘मी’ला नाही. आनाची गोष्ट ‘इश’ लावून स्वतःवर घेतली तर यांतले तिच्या स्वतःच्या कृतींचे दोन बदल, ‘श्लेफ्ट’ आणि ‘निम्ट’, नाहीसे होतात. म्हणून पहिल्यांदा ‘मी’मध्ये सांगायला लावावी आणि मग ‘ती’मध्ये, बहुतेक पुस्तकं उलट करतात आणि मुलं एकाच दिवशी दोन अडचणींशी झुंजतात.

रोमन मुलाची सकाळ जर्मनमध्ये आणायची तर त्याचा भूतकाळ बोलीत पूर्ण वर्तमानाने सांगावा लागेल, आणि तिथे चित्र उलटं होतं: ‘इश बिन आउफगेश्टांडेन’. दुसरी जागा आता ‘बिन’ने घेतली. क्रियापद शेवटी आपल्या उपसर्गाजवळ परतलं, पण दोघांच्या मध्ये ‘गे’ येऊन बसला. मुलगा जागा झाला, ‘आउफगेवाख्ट’. त्याने कपडे घातले, ‘आनगेत्सोगेन’. जोडून लिहिलेले, तरी सांधा दिसतोच.